पाण्याला टेकलेले खांब

समुद्राच्या खाडीत खांबांवर उभं असलेलं लाकडी घर, त्याच्यासमोर पाण्यात शिरलेली लाकडी जेटी आणि खाली इतकं निवांत पाणी की घर त्यात उलटं उतरलेलं दिसतं. असं चित्र पर्यटनाच्या जाहिरातीत किंवा वास्तुरचनेच्या मासिकात आपण अनेकदा पाहतो. पुष्कळ वेळा ते घर अजून बांधलेलंच नसतं. आपण पाहतो ते छायाचित्र नसतं, रेंडर असतं. संगणकात घराचा मापशीर त्रिमित आराखडा उभा करायचा, प्रत्येक पृष्ठभागाला लाकूड, काच, पाणी असे गुणधर्म द्यायचे, सूर्य आणि आकाश ठेवायचं आणि प्रकाशाचे किरण कुठून निघून कुठे आपटतात याचा हिशोब संगणकाला करू द्यायचा. त्या हिशोबातून तयार होणारं चित्र म्हणजे रेंडर.

भिंती, छप्पर, खिडक्या हे या कामातलं त्यामानाने सोपं प्रकरण आहे. सरावलेला कलाकार ते दोन दिवसांत उभं करतो. चित्र खरं वाटणार की खोटं, हे ठरतं ते खांब जिथे पाण्यात शिरतो तिथल्या जेमतेम मीटरभर उंचीच्या पट्ट्यात. तिथे पाणी, ओलं लाकूड, सुकं लाकूड आणि प्रतिबिंब हे सगळं एकत्र येतं. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण तिथे चूक झाली की घर पाण्यात उभं न वाटता पाण्यावर चिकटवलेलं वाटतं.

अशा कामासाठी संदर्भ म्हणून मला सर्वांत जवळची वाटणारी जागा चिलीमधली आहे. दक्षिण चिलीत चिलोए नावाचं बेट आहे आणि त्या बेटावर कास्त्रो हे शहर. तिथल्या खाडीकाठी खांबांवर उभ्या असलेल्या रंगीत लाकडी घरांच्या रांगा आहेत. त्यांना पालाफितो म्हणतात. घराचं दार रस्त्यावर, मागची बाजू समुद्रावर. भिंतींवर लाकडी चकत्या कौलांसारख्या एकावर एक बसवलेल्या. 22 मे 1960च्या महाभूकंपात आणि त्यामागून आलेल्या लाटांत यातली पुष्कळ घरं गेली, तरी काही वस्त्या टिकून आहेत. खाडी आत शिरलेली असल्यामुळे वारा पडला की पाणी अगदी स्तब्ध होतं. भरती-ओहोटीतला फरक मात्र काही मीटरांचा असतो. भरतीला घर पाण्यावर तरंगल्यासारखं दिसतं, ओहोटीला त्याच घराखाली चिखल आणि उघडे खांब असतात. रेंडरमध्ये जे काही चुकू शकतं ते सगळं या एका जागेत शिकायला मिळतं.

त्या धर्तीवर एक घर मांडून पाहू. कॅमेरा पाण्यापासून 1.6 मीटर उंचीवर, म्हणजे पाण्याच्या कडेला उभ्या माणसाच्या डोळ्यांइतका. समोर 8 मीटरवर जेटी आडवी गेलेली आहे. तिच्या फळ्या पाण्यापासून 1.2 मीटर वर आणि रुंदी 2 मीटर. कॅमेऱ्यापासून 20 मीटरवर घराची पुढची बाजू. घराची जमीन पाण्यापासून अडीच मीटर वर, छपराची वळचण 5 मीटरवर.

प्रतिबिंब म्हणजे घराचं चित्र उलटं करून खाली लावणं, असा समज फार पक्का आहे. घाईत काम करणारे खरोखरच तसं करतात. रेंडरमधला घराचा भाग कापून उलटा करतात, थोडा पुसट करतात आणि पाण्याच्या जागी ठेवतात. पण पाणी तसं वागत नाही. प्रतिबिंबात आपल्याला दिसतं ते दृश्य कॅमेरा पाण्याखाली तेवढ्याच खोलीवर, म्हणजे 1.6 मीटर खाली असता तर जसं दिसलं असतं तसं. वरच्या डोळ्याला फळ्यांची वरची बाजू दिसते. पाण्याला त्याच फळ्यांची खालची बाजू दिसते, तिच्याखालच्या तुळया दिसतात, घराच्या तळाचे वासे आणि वळचणीचा आतला भाग दिसतो.

आपल्या मापांवर हे ताडून पाहिलं की फरक किती मोठा आहे ते कळतं. थेट पाहताना 1.6 मीटरवरचा डोळा 1.2 मीटरवरची जेटी जवळजवळ कडेनेच पाहतो. तिच्या पुढच्या आणि मागच्या कडेवरून रेषा घरापर्यंत ओढल्या, तर जेटी घराच्या खांबांचा 0.6 ते 0.8 मीटर उंचीचा भाग झाकते. जेमतेम वीतभर पट्टी. आता तोच हिशोब पाण्याखालच्या डोळ्याने करा. तिथून जेटी डोक्यावर आहे, आणि तीच जेटी घराचा 4 मीटरपासून 5.4 मीटरपर्यंतचा भाग झाकते. म्हणजे वरच्या दृश्यात मोकळी दिसणारी वळचण प्रतिबिंबात जेटीच्या आड गेलेली असते. उलटं करून चिकटवलेल्या चित्रात ती खाली मोकळीच राहते. पाहणाऱ्याने कधी हा हिशोब केलेला नसतो, पण आयुष्यभर तळी, विहिरी, नद्या पाहिलेल्या डोळ्याला काहीतरी बिनसल्याचं जाणवतं.

यातून कामाची एक गोष्ट निघते. खांबांवरच्या घराचं पोट नीट बांधावं लागतं. वरून न दिसणाऱ्या तुळया, त्यांचे जोड, फळ्यांमधल्या फटींतून खाली उतरणारा उजेड हे सगळं त्रिमित आराखड्यात असायला हवं. ते नसलं की प्रतिबिंबात घराखाली एक सपाट, मेलेला काळा चौकोन दिसतो. रेंडर तपासताना मी आधी तिथेच पाहतो.

दुसरा समज म्हणजे शांत पाणी आरशासारखं सगळं परत फेकतं. आरसा सरळ पाहा की तिरका पाहा, जवळजवळ तेवढाच प्रकाश परत देतो. पाण्याचं तसं नाही. नजर पाण्याला किती तिरकी भिडते यावर ते अवलंबून असतं. फ्रान्सचे ऑग्युस्तँ फ्रेनेल यांनी 1820च्या दशकात याची समीकरणं मांडली आणि आज रेंडरिंग सॉफ्टवेअर तीच किंवा त्यांचं सोपं रूप वापरतं. सरळ खाली वाकून पाहिलं तर पाणी फक्त 2 टक्के प्रकाश परत देतं, म्हणून तळ दिसतो. नजर पाण्याला घासून जाऊ लागली की हे प्रमाण झपाट्याने वाढतं.

आपल्या घरासाठी त्याचा अर्थ असा. 20 मीटरवर, खांब पाण्याला टेकतात तिथे नजर पाण्याला पाचेक अंशांनी भिडते आणि जवळपास 60 टक्के प्रकाश परत येतो. घराच्या जमिनीचं प्रतिबिंब पडतं ते कॅमेऱ्यापासून सुमारे 8 मीटरवरच्या पाण्यात. तिथे प्रमाण 30 टक्क्यांवर येतं. वळचणीचं प्रतिबिंब पाच मीटरवरच्या पाण्यात पडतं आणि तिथे जेमतेम 15 टक्के उरतात. म्हणजे खांबाच्या बुडापासून छपराकडे जाताना प्रतिबिंब आधी निम्मं आणि मग पुन्हा निम्मं होतं. उरलेल्या जागेत पाण्याचा स्वतःचा रंग वर येतो, खाडीत तो हिरवट-करडा असतो. त्यामुळे पांढरी भिंत पाण्यात मळकी दिसते आणि काळा खांब पाण्यात थोडा उजळ दिसतो. निसर्गचित्रं काढणाऱ्यांना हे जुनं ठाऊक आहे. एखाद्या रेंडरमध्ये प्रतिबिंबातला काळा खऱ्या खांबाइतकाच काळा आणि पांढरा तितकाच पांढरा दिसला, तर तिथे पाण्याऐवजी आरसा ठेवलेला आहे असं समजावं. ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हे टाळायला IOR या रकान्यात पाण्याचा 1.333 हा आकडा भरायचा आणि Metallic शून्यावर ठेवायचं. बाकीचा हिशोब ते स्वतः करतं.

खरी कसोटी लागते ती पाण्याच्या शांतपणाची. पूर्ण सपाट पातळी ठेवली तर पाणी काचेसारखं दिसतं. म्हणून थोडी लहर घालायची, पण किती? लहरीची लांबी अर्धा मीटर आणि शिखरापासून दरीपर्यंतची उंची फक्त 5 मिलिमीटर धरा. डोळ्याला ते पाणी स्तब्धच वाटेल. त्या लहरीच्या उतारावर पाण्याचा पृष्ठभाग जास्तीत जास्त 1.8 अंश कलतो. पृष्ठभाग जेवढा कलतो त्याच्या दुप्पट किरण वळतो, म्हणजे 3.6 अंश. वळचणीकडे जाणारा किरण पाण्यापासून घरापर्यंत 15 मीटर प्रवास करतो. तेवढ्या अंतरात हे वळण जवळजवळ एक मीटर होतं. पाच मिलिमीटरच्या लहरीने छपराचं प्रतिबिंब मीटरभर वर आणि मीटरभर खाली फेकलं जातं! शांत पाणी मिलिमीटरांत मोजायचं असतं, हे नवशिक्याला लवकर पटत नाही. तो लहरींची उंची सेंटिमीटरांत ठेवतो आणि खाडीचा समुद्र होतो.

लहरींचा आकारही तितकाच फसवा. लहरी लांब आणि मऊ ठेवल्या तर घर बाहुलीघरासारखं छोटं वाटायला लागतं, कारण एका खांबाच्या जाडीच्या मानाने लहर किती मोठी यावरून डोळा घराचं माप ठरवतो. कमी वाऱ्यात पाण्यावर उठणारी बारीक सुरकुती दोन-तीन सेंटिमीटर लांबीची असते. ती सगळीकडे सारखी नसते. वाऱ्याची झुळूक जिथे टेकते तिथे खरखरीत पट्टा उमटतो, बाजूला पाणी तुकतुकीत राहतं. जेटीच्या आडोशाला तर ते आणखी स्तब्ध असतं. दोन थर ठेवायचे, एक अर्ध्या मीटरच्या मंद लहरींचा आणि एक बारीक सुरकुत्यांचा. दुसरा थर पट्ट्यापट्ट्यांनीच दाखवायचा. तेवढ्याने पाणी जिवंत होतं.

इथे एक सोपी पळवाट आहे आणि तिने असंख्य चित्रं बिघडली आहेत. प्रतिबिंब फार लखलखीत वाटलं की Roughness हा आकडा वाढवायचा. मग प्रतिबिंब पुसट होतं खरं, पण त्यात लहरी दिसत नाहीत. दुधी काचेवर घर ठेवल्यासारखं ते दिसतं. खऱ्या पाण्यात प्रतिबिंब उभं ताणलं जातं, आडवं फारसं पसरत नाही. लहर आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर कलली की प्रतिबिंब वर-खाली पूर्ण सरकतं. ती डावी-उजवीकडे कलली तर तिरक्या नजरेला त्यातला थोडाच भाग जाणवतो. वळचणीपाशी वर-खालीचा ताण बाजूच्या पसरण्याच्या तिपटीहून जास्त असतो, आणि दूर खांबांपाशी त्याहून खूप जास्त. म्हणूनच संध्याकाळी बंदरातल्या दिव्याचं पाण्यात लांब उभं वळ होतं, गोल डाग होत नाही. Roughness शून्याच्या आसपास ठेवून लहरींनाच काम करू द्यावं. फार दूरच्या पाण्यात लहर एका पिक्सेलपेक्षाही लहान होते, तेवढ्या भागात मात्र Roughness थोडा वाढवणं रास्त आहे.

आता खांबाकडे येऊ. ओलं लाकूड गडद का दिसतं? पाणी तर पारदर्शक असतं. स्वीडनचे आंद्रेश ओंगस्ट्रॉम यांनी 1925 साली यावर दिलेलं उत्तर आजही पाया म्हणून वापरलं जातं. सुक्या लाकडावर पडलेला प्रकाश विखुरतो आणि थेट बाहेर येतो. लाकडावर पाण्याचा पातळ थर असेल तर विखुरलेल्या प्रकाशातला चाळीस टक्क्यांहून जास्त भाग पाण्याच्या आतल्या बाजूला आपटून पुन्हा लाकडाकडेच परततो, कारण फार तिरक्या किरणांना पाण्यातून हवेत सुटता येत नाही. परतलेल्या प्रकाशातला काही लाकूड गिळतं, उरलेला विखुरतो, त्यातला काही पुन्हा परततो. प्रत्येक फेरीत गिळलं जाणं वाढत जातं. लाकडाच्या रंध्रांत पाणी शिरलं की प्रकाश आणखी खोल जातो आणि आणखी गडदपणा येतो. 1999 साली हेन्रिक वान येन्सन, जस्टिन लेगाकिस आणि ज्युली डॉर्सी यांनी ओल्या पदार्थांचं रेंडरिंग करण्याची जी पद्धत मांडली, तिने या दोन्ही गोष्टी हिशोबात घेतल्या.

ओंगस्ट्रॉम यांच्या सूत्रात आकडे घातले तर, पडलेल्या प्रकाशातला 35 टक्के परत देणारं जुनं करडं लाकूड ओलं झाल्यावर 23 टक्केच परत देतं. म्हणजे रंगाला साधारण दोन तृतीयांशाने गुणायचं. पण तेवढ्यावर थांबणारे फसतात. गुणाकार प्रत्येक रंगाला सारखा लागत नाही. लाकूड जो रंग आधीच कमी परत देतं, तो ओल्यात प्रमाणाने आणखी कमी होतो. म्हणून ऊन-पावसाने करडं पडलेलं लाकूड भिजलं की त्यातला लपलेला तपकिरी रंग वर येतो. नुसता काळा थर चढवलेला खांब जळका दिसतो. शिवाय पाणी लाकडाच्या रेषा बुजवतं, त्यामुळे ओल्या भागाचा खडबडीतपणा कमी आणि चमक जास्त हवी. सुक्या खांबाचा Roughness 0.8च्या आसपास असेल तर ओल्याचा 0.2 ते 0.3. आकाशाची एक अरुंद उभी रेघ त्या खांबावर चमकू लागते. डोळा ओल ओळखतो ती मुख्यतः त्या रेघेवरून.

ही ओल किती उंचीपर्यंत दाखवायची, इथे सगळ्यात जास्त विचार लागतो, कारण त्यासाठी चित्रातली वेळ ठरवावी लागते. घड्याळातली वेळ पुरत नाही, भरतीची वेळ लागते. पाणी चढत असेल तर त्याच्या वरचं लाकूड सुकं असतं; ओल असते ती लहर पोचते तेवढीच, चार बोटं उंचीची. पाणी उतरत असेल तर ते मघाशी जिथे होतं तिथपर्यंत खांब ओला असतो. त्या ओलीची वरची कड फाटकीतुटकी असते, उन्हाकडची बाजू आधी सुकते, सावलीतली मागे राहते, भेगांतून आणि गाठींपाशी पाणी जास्त वेळ टिकतं. कास्त्रोसारख्या ठिकाणी उतरत्या पाण्यात माणसाहून उंच खांब ओला दिसू शकतो. आपल्याकडच्या धरणाच्या पाण्यात किंवा तळ्यात तसं दाखवलं तर ते खोटं ठरेल, कारण तिथे पाणी काही तासांत मीटरभर उतरत नाही.

ओलीखेरीज खांबावर आणखी एक खूण असते आणि ती भरतीबरोबर हलत नाही. बहुतेक वेळ पाण्याखाली असणाऱ्या भागावर दाट, गडद वाढ. त्याच्या वर शिंपल्यांचा आणि कवचवाल्या जिवांचा पांढुरका पट्टा, मग हिरवं शेवाळ, त्यावर फक्त उधाणाचं पाणी पोचतं तिथे काळपट डाग आणि शेवटी चांदीसारखं करडं सुकं लाकूड. कोकणातल्या कुठल्याही जुन्या जेटीच्या खांबाकडे ओहोटीला पाहिलं तर हे थर दिसतात, जीव वेगळे असले तरी. ते वर्षानुवर्षांच्या भरती-ओहोटीने आखलेले असतात. म्हणून शेजारच्या सगळ्या खांबांवर ते एकाच उंचीवर येतात, मग खांब लांब असो वा आखूड.

नेमकं इथेच रेंडर उघडं पडतं. एका खांबाचं चित्र तयार करून ते सगळ्या खांबांवर गुंडाळलं, तर किनाऱ्याजवळच्या आखूड खांबावर शेवाळाचा पट्टा वर जातो आणि खोल पाण्यातल्या लांब खांबावर खाली येतो. खाडीतलं पाणी प्रत्येक खांबाशी वेगळ्या पातळीवर उभं राहतं, असा त्याचा अर्थ होईल. उपाय सोपा आहे. पट्टा खांबाच्या मापाला बांधायचा नाही, दृश्यातल्या उंचीला बांधायचा. ब्लेंडरमध्ये Geometry नोडमधून Position घ्यायचं, Separate XYZ ने त्यातला Z वेगळा काढायचा आणि Map Range ने ठरवायचं की कुठल्या उंचीपासून कुठल्या उंचीपर्यंत काय दिसेल. कड फाटकी व्हावी म्हणून Z मध्ये थोडा Noise Texture मिसळायचा. असे दोन स्वतंत्र हिशोब लागतात, एक जिवांच्या थरांचा आणि एक ओलीचा. थरांचे आकडे कायमचे, ओलीचे आकडे पाण्याच्या पातळीला जोडलेले.

हे नीट जमलं की नाही ते तपासायची एक चांगली रीत आहे. चित्र पूर्ण झाल्यावर पाण्याची पातळी दोन मीटर खाली आणायची आणि पुन्हा रेंडर करायचं. शिंपल्यांचा पट्टा जागेवर राहून उघडा पडला पाहिजे, ओल पाण्यामागोमाग उतरली पाहिजे, आणि कॅमेऱ्याची पाण्यापासूनची उंची 1.6 वरून 3.6 मीटर झाल्यामुळे नजर पाण्याला जास्त उभी भिडून प्रतिबिंब फिकं झालं पाहिजे. जेटीखाली तळ दिसू लागला तर तो समुद्राने भिजवलेला चिखल असायला हवा, कोरडी माती नव्हे. कुठलीही कड हाताने रंगवलेली असेल तर ती या वेळी चुकीच्या उंचीवर लोंबकळताना सापडते. घर विकत किंवा भाड्याने घ्यायचं असेल, तर विकणाऱ्याकडे भरतीच्या चित्राबरोबर हे दुसरं चित्रही मागावं. कास्त्रोत राहणारा माणूस दिवसातले बरेच तास तेच दृश्य पाहत असतो.